ताबा : कागदावरचा, किल्लीचा आणि मानीव

फ्लॅटच्या करारनाम्यात, बहुतेक वेळा विसाव्या-पंचविसाव्या पानावर, एक वाक्य असते. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण आशय हाच : ‘सदनिका वापरासाठी तयार असल्याची लेखी सूचना मिळाल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने ताबा घेतला नाही, तर त्याने ताबा घेतला आहे असे समजण्यात येईल.’ सही करताना हे वाक्य कुणी वाचत नाही. दोन-तीन वर्षांनी बिल्डरचे पत्र येते आणि मग तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचले जाते. आपण त्या घरात पाऊलही टाकलेले नाही, कुलूप बिल्डरचे आहे, किल्ली त्याच्या कचेरीत आहे, आणि कागद म्हणतो की ताबा आपल्याकडे आला. हे कायद्याने शक्य आहे का? असेल तर कोणत्या अटीवर, आणि त्यातून आपल्या डोक्यावर नेमके काय येते?

मी वकील नाही. गेली बारा-पंधरा वर्षे घरखरेदीचे करारनामे, ताबापत्रे आणि त्यांवरचे न्यायनिवाडे वाचण्याचा नाद आहे. त्या वाचनातून मला उमगलेली गोष्ट थोडक्यात अशी : फ्लॅटच्या व्यवहारात ताब्याची तारीख एक नसते, तीन असतात. पत्राची तारीख, भोगवटा प्रमाणपत्राची तारीख आणि किल्ली हातात पडल्याची तारीख. या तीन तारखा एकामागोमाग नीट आल्या तर वाद होत नाही. त्यांचा क्रम उलटला की पैसे कुणाच्या खिशातून जायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि ‘मानीव ताबा’ हा शब्द तिथेच कामाला येतो.

ताबा म्हणजे काय

जमिनीच्या व्यवहारात आपल्याकडे हा फरक जुना आहे. साठेखत करताना ते कब्जासहित की बिनकब्जाचे, हे गावातला लिहिणारा आधी विचारून घेई. पैसे दिले, कागद झाला, तरी नांगर कुणाचा चालतो हा वेगळा प्रश्न आहे, हे सगळ्यांना माहीत होते. ताब्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की त्या वस्तूवर आपली प्रत्यक्ष सत्ता चालते आणि दुसऱ्याला तिथून दूर ठेवणे आपल्या हातात असते. फ्लॅटच्या बाबतीत ही सत्ता किल्लीच्या रूपाने हाती येते.

दिवाणी कायद्यालाही प्रत्यक्ष आणि प्रतीकात्मक ताबा वेगळे आहेत हे ठाऊक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या एकविसाव्या आदेशात दोन नियम शेजारी शेजारी आहेत. नियम ३५ प्रमाणे न्यायालयाचा कर्मचारी जागेवर जाऊन, लागल्यास कुलूप तोडून, डिक्री मिळालेल्याला प्रत्यक्ष ताबा देतो. पण जागेत कायदेशीर भाडेकरू राहत असेल तर त्याला बाहेर काढता येत नाही. तेव्हा नियम ३६ लागू होतो. अधिपत्राची प्रत जागेवर ठळकपणे चिकटवायची आणि दवंडी पिटून हुकूम जाहीर करायचा, की प्रतीकात्मक ताबा दिला गेला. म्हणजे प्रत्यक्ष न देता दिलेला ताबा ही कल्पना नवी नाही. मात्र तिच्यामागे कायद्याचा नियम, न्यायालयाचा हुकूम आणि ठरलेली रीत उभी आहे. फ्लॅटच्या करारनाम्यातल्या त्या वाक्यामागे काय उभे आहे, ते पाहायचे आहे.

एकाच नावाचे तीन कागद

पहिला घोटाळा ‘ताबापत्र’ या शब्दातच आहे. या नावाखाली तीन वेगळे कागद फिरतात.

पहिला कागद ही सूचना असते. ‘आपली सदनिका तयार आहे, उरलेली रक्कम भरून ताबा घ्यावा.’ हे आमंत्रण आहे. यात ताबा दिलेला नाही. दुसरा कागद अलीकडे बराच दिसतो. ‘अंतर्गत सजावटीसाठी’ किल्ली दिली जात असल्याचे हे पत्र असते. मुंबई-पुण्यात याला सरळ ‘फिट-आऊट पझेशन’ म्हणतात. यात सुताराला, रंगाऱ्याला आत जाता येते, राहायला जायचे नाही असे लिहिलेले असते, आणि खाली एका ओळीत देखभाल खर्च आजपासून सुरू असेही असते. तिसरा कागद ही खरी ताबापावती. तीवर दोन्ही बाजूंच्या सह्या असतात, किल्ल्यांची संख्या, वीजमीटरचा क्रमांक आणि तारीख असते.

बँकेला, सोसायटीला किंवा न्यायाधिकरणाला ‘ताबापत्र’ दाखवताना आपण यांतले कोणते दाखवतो आहोत हे आधी ओळखावे. पहिल्या कागदावर खरेदीदाराची सही नसते. दुसऱ्यावर असते, पण वापर मर्यादित असतो. तिसराच कागद ताबा हस्तांतरित झाल्याचा पुरावा आहे.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात दोन कायदे एकत्र चालतात. एक १९६३ चा महाराष्ट्र सदनिका मालकी कायदा, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात. दुसरा २०१६ चा केंद्राचा स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’. रेरा आला म्हणून मोफा रद्द झालेला नाही.

मोफाच्या कलम ३ मध्ये प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर, जी बंधने आहेत त्यांत एक असे : जिथे बांधकाम पूर्णत्वाचा दाखला कायद्याने आवश्यक आहे, तिथे स्थानिक प्राधिकरणाने तो दिल्याशिवाय बिल्डरने कुणालाही ताब्यात शिरू द्यायचे नाही. हे सगळ्यांना माहीत असते. त्याच तरतुदीचा दुसरा अर्धा भाग मात्र क्वचितच कुणी सांगतो : असा दाखला मिळेपर्यंत कोणत्याही व्यक्तीने सदनिकेचा ताबा घ्यायचाही नाही. बंधन दोन्ही बाजूंवर आहे.

हे लक्षात घेतले की दाखला नसताना आलेल्या ‘पंधरा दिवसांत ताबा घ्या’ या पत्राचे स्वरूप बदलते. ते पत्र खरेदीदाराला जे करायला सांगते, ते करायला कायद्याने मनाई आहे. मनाई असलेली गोष्ट केली नाही म्हणून ‘ती केली असे समजू’ हे टिकणार कसे?

रेराने हाच धागा पुढे नेला आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळवणे ही बिल्डरची जबाबदारी आहे. ते मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत प्रत्यक्ष ताबा घेणे हे खरेदीदाराचे कर्तव्य आहे. कलम १९(१०) तसे स्पष्ट सांगते. या कलमात ‘प्रत्यक्ष’ हा शब्द आहे, आणि मुदत बिल्डरच्या पत्रापासून नव्हे तर भोगवटा प्रमाणपत्रापासून मोजली आहे.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांसोबत करारनाम्याचा एक नमुना दिलेला आहे. त्यात क्रम असा आहे : भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून सात दिवसांत बिल्डरने ताब्याचा लेखी प्रस्ताव द्यावा. खरेदीदाराने मुदतीत ताबा घेतला नाही, तर लागू असलेला देखभाल खर्च देण्याची जबाबदारी त्याच्यावर राहील. परिणाम एवढाच सांगितला आहे. ‘ताबा घेतला असे समजण्यात येईल’ हे शब्द त्या कलमात नाहीत. ते प्रत्येक बिल्डरच्या वकिलाने आपापल्या करारनाम्यात घातलेले असतात.

‘मानीव’ म्हणजे किती

‘मानीव’ हा शब्द महाराष्ट्रातल्या सोसायट्यांना नवीन नाही. ‘मानीव अभिहस्तांतरण’, ज्याला सगळे डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात, त्यासाठी खेटे घातलेले अनेक वाचक असतील. बिल्डर जमीन सोसायटीच्या नावे करून देत नाही, तेव्हा सोसायटी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे, अर्ज करते. ते बिल्डरला नोटीस काढतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि मग प्रमाणपत्र देतात. बिल्डरची सही नसताना ती आहे असे कायदा मानतो.

मानीव अभिहस्तांतरण आणि मानीव ताबा यांत नावापुरतेच साम्य आहे. पहिल्यात कल्पना कायद्याने केलेली आहे, मध्ये अधिकारी आहे, सुनावणी आहे, आणि फायदा ज्याचे अडले आहे त्याला मिळतो. दुसऱ्यात कल्पना करारातल्या एका पक्षाने लिहिलेली आहे, मध्ये कुणी नाही, आणि ती लिहिणाऱ्याच्या फायद्याची आहे.

‘असे समजण्यात येईल’ हे शब्द कायद्यात आले तरी त्यांचा अर्थ ताणायचा नसतो. ज्या कामापुरती कल्पना केली, त्या कामापुरतीच ती चालते. मग मानीव ताबा कोणत्या कामापुरता? माझ्या वाचनातून मला दिसते ते असे : खरेदीदाराने विनाकारण टाळाटाळ केली म्हणून बिल्डरने किती काळ त्याच्या वतीने खर्च सोसायचा आणि विलंबाचे व्याज किती काळ द्यायचे, एवढे ठरवण्यापुरता. ज्याला देऊ केलेला ताबा घेता येत होता आणि त्याने घेतला नाही, त्यालाच हे लागू होते. प्रस्तावच वैध नसेल, तर त्यावर उभी केलेली कल्पनाही उभी राहत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये आग्रा विकास प्राधिकरणाच्या एका प्रकरणात हाच मुद्दा निकालात काढला. प्राधिकरणाने २०१४ मध्ये ताब्याचा प्रस्ताव दिला होता आणि खरेदीदारानेच ताबा घेतला नाही असे त्याचे म्हणणे होते. पूर्णत्वाचा दाखला आणि अग्निशमन विभागाची मंजुरी यांशिवाय दिलेला प्रस्ताव वैध प्रस्ताव होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. प्राधिकरण सरकारी होते, प्रस्ताव लेखी होता, तरीही.

एका फाइलीचा हिशेब

आता हे आकड्यांत पाहू. माझ्या परिचयातल्या एका निवृत्त एसटी वाहकांची फाइल मी वर्षभर जवळून पाहिली. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत.

फ्लॅटची किंमत ४२ लाख रुपये. करारात ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२२. त्या दिवसापर्यंत त्यांनी ९५ टक्के, म्हणजे ३९ लाख ९० हजार रुपये भरलेले होते. उरलेले २ लाख १० हजार ताबा घेताना द्यायचे होते. १० फेब्रुवारी २०२३ ला पत्र आले : सदनिका तयार आहे, पंधरा दिवसांत बाकी भरून ताबा घ्या, नाहीतर २५ फेब्रुवारीपासून ताबा घेतला असे समजू आणि दरमहा ३,५०० रुपये देखभाल खर्च लावू. सोबत वास्तुविशारदाचे एक प्रमाणपत्र जोडले होते, काम पूर्ण झाल्याचे. भोगवटा प्रमाणपत्राचा उल्लेख कुठेही नव्हता.

पुष्कळ माणसे इथे फसतात. वास्तुविशारद बिल्डरने नेमलेला असतो. काम पूर्ण झाल्याचे तो प्रमाणित करतो, तेव्हा महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे अर्ज करण्याची पहिली पायरी पुरी होते. पुढे अग्निशमन, लिफ्ट, मलनिःसारण अशा मंजुऱ्या जोडल्या जातात, पाहणी होते आणि मग स्थानिक प्राधिकरण आपल्या जावक क्रमांकाने भोगवटा प्रमाणपत्र देते. ते संपूर्ण इमारतीचे असते किंवा काही मजल्यांपुरते, म्हणजे भाग भोगवट्याचे असते. त्यावर विंग आणि मजले लिहिलेले असतात. आपला मजला त्यात आहे का, हे बोट ठेवून पाहावे लागते.

या वाहकांनी एक गोष्ट बरोबर केली. ते गप्प बसले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी पोचपावतीच्या टपालाने उत्तर दिले : ‘मी ताबा घेण्यास व बाकी रक्कम देण्यास तयार आहे. आपल्या पत्रासोबत भोगवटा प्रमाणपत्र नाही. त्याची प्रत मिळताच पाहणीची तारीख कळवावी. तोपर्यंत आपले पत्र ताब्याचा वैध प्रस्ताव म्हणून मला मान्य नाही व देखभाल खर्चाची मागणीही मान्य नाही.’ पाच ओळी. पुढच्या सगळ्या वादात त्यांच्या बाजूने सर्वांत वजनदार कागद तोच ठरला.

भोगवटा प्रमाणपत्र १७ नोव्हेंबर २०२३ ला मिळाले. ते त्यांना महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या कागदपत्रांत दिसले. त्याची प्रत जोडून नवे पत्र ३० डिसेंबरला आले. १४ जानेवारी २०२४ ला त्यांनी किल्ली घेतली.

विलंबाचे व्याज रेराच्या कलम १८ प्रमाणे ताबा देईपर्यंत दर महिन्याला मिळते. महाराष्ट्रात त्याचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा दोन टक्के जास्त असा ठरलेला आहे. गणित सोपे व्हावे म्हणून इथे सरळ १० टक्के धरू. म्हणजे ३९ लाख ९० हजारांवर महिन्याला ३३,२५० रुपये.

बिल्डर म्हणत होता, विलंब २५ फेब्रुवारी २०२३ ला संपला. तसे धरले तर व्याज सुमारे ६१ हजार रुपये होते. भोगवटा प्रमाणपत्राच्या तारखेपर्यंत धरले तर ३ लाख ५१ हजार. वैध प्रस्ताव आला त्या ३० डिसेंबरपर्यंत धरले तर ३ लाख ९८ हजार. किल्ली मिळाली त्या दिवसापर्यंत ४ लाख १४ हजार. खालच्या तीन आकड्यांपैकी कोणता घ्यावा यावर वाद होऊ शकतो. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात मात्र जवळजवळ तीन लाखांचे अंतर आहे, आणि ते सगळे ‘असे समजण्यात येईल’ या तीन शब्दांवर उभे आहे.

देखभाल खर्चाचे तसेच. ३,५०० रुपयांनी साडेदहा महिन्यांचे सुमारे ३७ हजार. जिथे राहता येत नव्हते, तिथल्या जिन्याच्या दिव्यांचे आणि पहारेकऱ्याचे हे पैसे.

तिसरा परिणाम पैशांत लगेच दिसत नाही. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर ताबा दिल्यापासून पाच वर्षे असते. गळती, भेगा, निकृष्ट काम या काळात निदर्शनास आणले तर तीस दिवसांत त्याने विनामूल्य दुरुस्त करायचे असते. मानीव तारीख मान्य केली तर ही मुदत फेब्रुवारी २०२८ ला संपते. खऱ्या तारखेप्रमाणे जानेवारी २०२९ ला. मधला एक पावसाळा कमी होतो. आपल्याकडे गळतीचा दोष पावसाळ्यातच कळतो.

हे प्रकरण शेवटी समोरासमोर बसून मिटले. बिल्डरने देखभाल खर्च सोडला, शेवटचा २ लाख १० हजारांचा हप्ता व्याजापोटी वळता केला आणि वर १ लाख १५ हजारांचा धनादेश दिला. म्हणजे एकूण सव्वातीन लाख. पूर्ण हक्क मिळाला असे नाही, पण ६१ हजारांवर बोळवणही झाली नाही.

उलट बाजू

खरेदीदाराने नुसते ‘मी किल्ली घेतलेली नाही’ म्हणून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आयरिओ ग्रेस रिअलटेक प्रकरणात गुरुग्रामच्या एका प्रकल्पातले खरेदीदार दोन गटांत विभागले होते. एका गटाच्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र मिळाले होते आणि ताब्याचा प्रस्तावही आला होता. त्यांना पैसे परत हवे होते. न्यायालयाने सांगितले की तुम्ही ताबा घेण्यास बांधील आहात; उशिराची भरपाई मिळेल. दुसऱ्या गटाच्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र नव्हते. त्यांना व्याजासह पैसे परत देण्याचा आदेश झाला. एकच प्रकल्प, एकच बिल्डर, फरक त्या एका दाखल्याचा.

म्हणून भोगवटा प्रमाणपत्रासह नीट प्रस्ताव आला, आपला मजला त्यात आहे, मागितलेली रक्कम करारानुसार आहे, आणि तरी खरेदीदार भाव वाढेल म्हणून किंवा मुहूर्त नाही म्हणून बसून राहिला, तर देखभाल खर्च आणि कर त्याच्यावर येतात आणि पुढच्या काळाचे विलंबव्याज मागणे अवघड होते. अशा वेळी मानीव ताब्याचे कलम बऱ्याच अंशी टिकेल. पण त्यानेही फ्लॅट बिल्डरचा होत नाही, किंवा बिल्डरला तिथे दुसऱ्याला ठेवण्याचा हक्क मिळत नाही.

स्वयंपाकघरातल्या दोन फरशा वाकड्या आहेत, खिडकीची कडी बसत नाही, या कारणांवर ताबा नाकारणे बहुधा पेलत नाही. त्या गोष्टी यादी करून लिहून द्याव्यात आणि ताबा घ्यावा. दाखला नसणे आणि फरशी वाकडी असणे यांत फरक आहे. पहिल्याने प्रस्तावच अवैध होतो, दुसऱ्याने फक्त दुरुस्तीचा हक्क मिळतो.

किल्ली आहे, दाखला नाही

याच्या अगदी उलट अवस्था मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांची होती. त्यांनी १९९३ मध्ये फ्लॅट घेतले आणि १९९७ मध्ये ताबा मिळाला. प्रत्यक्ष ताबा : माणसे राहायला गेली, संसार झाले. भोगवटा प्रमाणपत्र मात्र बिल्डरने मिळवले नाही. त्यामुळे मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागली. संस्थेने १९९८ मध्ये राज्य ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. २०१४ मध्ये बिल्डरला प्रमाणपत्र मिळवण्याचा आदेश झाला. तेही झाले नाही. जादा भरलेल्या पैशांची भरपाई मागितली तेव्हा राष्ट्रीय आयोगाने मुदत उलटली म्हणून दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला. प्रमाणपत्र न मिळवणे ही एका दिवशी घडून संपलेली चूक नाही, ती रोज चालू राहणारी चूक आहे, म्हणून मुदत उलटली असे म्हणता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

या निकालातून ताब्याबद्दल मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. किल्ली मिळाली म्हणजे बिल्डरचे देणे फिटले असे नाही. सजावटीसाठी म्हणून आधी किल्ली घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. भाडे आणि हप्ता दोन्ही भरणाऱ्या माणसाला तो मोह का होतो हे मी समजू शकतो. पण त्या कागदावर सही करताना त्यात ‘ताबा मिळाला’ असे शब्द आहेत की ‘सजावटीच्या कामासाठी प्रवेश’ असे आहेत, हे पाहावे. पहिले असतील तर पुढे विलंबाच्या तक्रारीत तोच कागद समोर ठेवला जातो.

ताबा घेतला म्हणून हक्क गेला का

शेवटची भीती अशी असते की पावतीवर सही केली की सगळे संपले. काही बिल्डर पावतीतच छापून ठेवतात : ‘माझी कोणतीही तक्रार शिल्लक नाही.’ सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये डीएलएफ सदर्न होम्सच्या बंगळुरूमधल्या प्रकल्पाबाबत सांगितले की, ताबा हवा असेल तर भरपाईचा हक्क सोड, अशी निवड खरेदीदारापुढे ठेवणे न्याय्य नाही; ताबा घेतल्याने किंवा खरेदीखत केल्याने विलंबाच्या भरपाईचा हक्क बुडत नाही. २०२३ मध्ये कोलकात्याच्या एका प्रकल्पाबाबतही, कबूल केलेल्या सुविधा अपुऱ्या असताना ताबा घेतला म्हणून खरेदीदाराला दारातून परत पाठवता येणार नाही असा निकाल झाला.

तरी सावध माणसाने ताबापावतीवर सहीच्या वर हाताने दोन ओळी लिहाव्यात : ‘विलंबाचे व्याज, अपूर्ण कामे व दोष यांबाबतचे माझे सर्व हक्क अबाधित ठेवून आज प्रत्यक्ष ताबा घेत आहे. दोषदायित्वाची मुदत आजपासून.’ बिल्डर लिहू देत नसेल तर त्याच दिवशी तेच शब्द ईमेलने आणि टपालाने पाठवावेत. पावतीवरची तारीख आधीची छापलेली असेल, आणि ती बऱ्याचदा असते, तर खोडून खरी तारीख घालावी व शेजारी सही करावी.

आणि अजून ज्यांचा करारनामा नोंदवायचा आहे त्यांच्यासाठी याहून सोपे काम आहे. विसाव्या-पंचविसाव्या पानावरचे ते कलम शोधावे. ‘लेखी सूचना मिळाल्यापासून’ या शब्दांच्या जागी ‘सदनिकेच्या मजल्याचे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर त्याच्या प्रतीसह लेखी सूचना मिळाल्यापासून’ एवढे शब्द घालून मागावेत. प्रामाणिक बिल्डरला त्यात हरकत घेण्याजोगे काही नाही, कारण कायदा त्याच्याकडून तेच मागतो. जो हे शब्द घालायला नकार देईल, त्याला नकाराचे कारण लेखी विचारावे. ते उत्तर वाचून मग सहीचा निर्णय घ्यावा.